टॉवरची पॉवर वाढवून काय होणार?

बाणेर-बालेवाडीपासून धायरीपर्यंत पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर जा, एक भांडण ठरलेलं असतं. नेटवर्क नाही म्हणून बोंबलणारे तेच आणि गच्चीवर टॉवर नको म्हणून सह्या गोळा करणारेही बऱ्याचदा तेच. मग कोणीतरी काका समजूतदारपणे लिहितात, "अहो नवीन टॉवर कशाला, चौकातल्या आहे त्याच टॉवरची पॉवर वाढवायला सांगा की कंपनीला," आणि त्याखाली धडाधड अंगठे पडतात. एखादी नुकतीच इंजिनिअर झालेली मुलगी लिहिते की काका, आता टेक्नॉलॉजी इतकी पुढे गेलीय, सॉफ्टवेअर अपडेटने होईल सगळं, कंपन्यांना फक्त खर्च करायचा नाहीये. झालं, दोन पार्ट्या पडल्या. माझं म्हणणं असं की दोन्ही पार्ट्या चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. पॉवर वाढवून शहरात जवळपास काहीच मिळत नाही, हुशार सॉफ्टवेअरने मिळण्यासारखं होतं ते बहुतेक मिळून झालंय, आणि ज्यांना रेडिएशनची भीती वाटते त्यांनी तर जास्त आणि जवळजवळ, पण कमी पॉवरचे टॉवर मागायला हवेत. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, यामागे १९४८ सालचं एक गणित आहे आणि ते कोणाच्याही एजीएममध्ये ठराव करून बदलत नाही.

क्लॉड शॅनन तेव्हा अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होता. त्याने दाखवलं की कुठल्याही माध्यमातून, तार असो की हवा, बिनचूक माहिती पाठवायच्या वेगाला एक ठरावीक छत असतं. हवेतल्या साध्या गोंगाटासाठी ते असं लिहितात:

C = B log2(1 + S/N)

B म्हणजे बँडविड्थ, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा किती रुंद पट्टा तुमच्याकडे आहे. S म्हणजे फोनपर्यंत पोचलेला सिग्नल, N म्हणजे त्याच पट्ट्यात भरलेला गोंगाट. हा गोंगाट कोणी मुद्दाम करतं असं नाही, कुठल्याही कोमट वस्तूतले इलेक्ट्रॉन हलत असतात आणि ते थोडा थोडा करतातच, त्यावर माणसांच्या यंत्रांचा आणखी चढतो. (नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अवाढव्य डिश नेऊन ठेवल्या त्या शहरांचा हा रेडिओ गोंगाट तिथे कमी म्हणूनच.) C म्हणजे दर सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक जातील ते.

आता काकांची सूचना या सूत्रात घालून बघू. समजा टॉवरकडे १० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि तुमच्या घरात सिग्नल गोंगाटाच्या १५ पट आहे. एक अधिक पंधरा सोळा, चार वेळा दोन घेऊन गुणले की सोळा, म्हणून सोळाचा दोनच्या पायावरचा लॉग चार, म्हणजे छत झालं ४० मेगाबिट. पॉवर दुप्पट करा, सिग्नल ३० पट होईल आणि छत किती होईल? साधारण ५०. दुप्पट नाही, फक्त दहा जास्त. पुन्हा दुप्पट केलीत की पुन्हा दहाच. ४० चे ८० करायचे असतील तर सिग्नल गोंगाटाच्या २५५ पट लागतो, म्हणजे २० वॅटचा टॉवर ३४० वॅटचा करायला लागेल. लॉग हा असा कंजूष माणूस आहे, तुम्ही गुणाकाराने देता आणि तो बेरजेने परत करतो. उलट बँडविड्थ सूत्रात लॉगच्या बाहेर बसलीय. तेवढ्याच पॉवरमध्ये पट्टा २० मेगाहर्ट्झ केला तर गोंगाटही दुप्पट आत येतो, त्यामुळे १५ चं प्रमाण साडेसातवर उतरतं, तरीसुद्धा छत ६१-६२ मेगाबिटवर जातं. पॉवर दुप्पट केल्याचे ५० आणि पट्टा दुप्पट केल्याचे ६२, आणि दुसऱ्यात वीज तेवढीच.

इथे "बिनचूक" या शब्दाकडे लोक लक्षच देत नाहीत, आणि शॅननची खरी कमाल तिथेच आहे. त्याच्या आधी सगळ्यांना वाटायचं की गोंगाटातून चूक न होता निरोप पाठवायचा तर एकच उपाय, पुन्हा पुन्हा सांगायचं. समजा दहातला एक बिट वाटेत उलटा होतो. प्रत्येक बिट तीनदा पाठवला आणि पलीकडच्याने बहुमत घेतलं तर चूक १० टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर येते, पण वेग एक तृतीयांश. पाचदा पाठवला तर चूक ०.९ टक्क्याच्या आत, वेग एक पंचमांश. म्हणजे चूक शून्याकडे न्यायची तर वेगही शून्याकडेच जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. शॅनन म्हणाला, अजिबात नाही. दहात एक बिट उलटणाऱ्या त्याच वाटेने तुम्ही पाठवलेल्या बिटांपैकी निम्म्याहून थोडी जास्त, ०.५३ इतकी, खरी माहिती नेऊ शकता आणि चूक हवी तितकी कमी करू शकता, फक्त बिट एकेकटे न पाठवता मोठमोठे गठ्ठे करून एकमेकांत गुंफून पाठवायचे. छताच्या खाली राहिलात तर चूक हवी तेवढी कमी करता येते, छताच्या वर गेलात की काहीही केलंत तरी ती एका पातळीखाली जात नाही. मध्ये हळूहळू बिघडत जाणारी उतरण नाहीये. किंमत एकच, गठ्ठा जेवढा मोठा तेवढी थांबायची तयारी हवी, म्हणून सिनेमा डाउनलोड करताना जे चालतं ते फोनवर बोलताना चालत नाही.

गंमत म्हणजे तसे गुंफणारे कोड कसे करायचे हे शॅननने सांगितलंच नव्हतं, ते असतात एवढं सिद्ध केलं. रॉबर्ट गॅलागरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एक चांगली पद्धत काढली पण तेव्हाच्या कॉम्प्युटरना ती झेपेना, मग ती धूळ खात पडली. १९९३ साली फ्रान्समधून टर्बो कोड आले आणि छतापासून एका डेसिबलच्या, म्हणजे सिग्नलच्या जेमतेम सव्वापट फरकाच्या, आत पोचले, त्यानंतर गॅलागरची जुनी पद्धत पुन्हा बाहेर काढली, आज ५जीचा डेटा त्याच घराण्यातल्या कोडवर चालतो. म्हणून त्या इंजिनिअर मुलीला माझं सांगणं आहे की बाई गं, सॉफ्टवेअर हुशार करून जे मिळवायचं ते मागच्या पिढीने खरवडून घेतलंय. एका फोन-टॉवर जोडीत आता छताला डोकं लागायला थोडीच जागा उरलीय, कितीही अपडेट टाकले तरी.

जोर लावून काम होईल हा समज जुनाच आहे. १८५८ साली अटलांटिक समुद्राखालून पहिली तार टाकली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे पोचायला सोळा तास लागले. कारण इतक्या लांब तारेतून विजेचा ठोका पसरट होत जातो, एक ठोका विरेपर्यंत दुसरा ओळखू येत नाही, आजच्या भाषेत त्या तारेची बँडविड्थच जेमतेम होती. विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी हे आधीच गणिताने सांगितलं होतं आणि बारीकसा प्रवाहही टिपणारा आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला होता. पण कंपनीचे इलेक्ट्रिशियन वाइल्डमन व्हाइटहाउस जोरावर विश्वास ठेवणारे, त्यांनी तारेला २००० व्होल्टपर्यंत दाब दिला. तीनेक आठवड्यांत तार कायमची गप्प झाली. तार मुळातच नीट बनवलेली नव्हती, सगळा दोष व्हाइटहाउस यांच्या माथी मारणं बरोबर नाही हे मान्य, पण अरुंद वाटेवर दाब वाढवून वाट रुंद होते का? पुढे जास्त तांबं आणि जास्त चांगलं वेष्टण घालून १८६६ मध्ये जी तार टाकली ती चालली, दाब कमी ठेवूनच.

आणि शहरात तर काकांच्या सूचनेचं आणखी वाईट आहे. वरचा हिशोब मी एकच टॉवर आहे असं धरून केला. पुण्यात तुमच्या फोनला एका टॉवरचा सिग्नल हवा असतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर शेजारचे चार-पाच टॉवर आपापल्या गिऱ्हाइकांशी बोलत असतात, त्यांचं बोलणं तुमच्यासाठी N मध्येच जमा होतं. नैसर्गिक गोंगाट त्यापुढे किरकोळ. आता तुमच्या सोसायटीने मागणी केली म्हणून या टॉवरची पॉवर वाढवली तर शेजारच्या सोसायटीचा N वाढला, मग तेही मागणी करणार, मग पलीकडचे. सगळ्यांनी दुप्पट केली की S दुप्पट, N दुप्पट, भागाकार होता तिथेच. मंगल कार्यालयात पंगतीला प्रत्येक जण शेजारच्याला ऐकू जावं म्हणून आवाज चढवतो आणि शेवटी कोणालाच काही ऐकू येत नाही, तसं. तेच लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन आणलेल्या त्या बूस्टरचं. तो परवान्याशिवाय लावणं बेकायदेशीर आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि कायदा सोडा, तो स्वस्त डबा तुमचा सिग्नल वाढवताना स्वतःचा गोंगाटही टॉवरच्या कानात ओततो, मग त्या टॉवरवरच्या सगळ्या गल्लीचं ऐकणं बिघडतं आणि तुमच्या घरात मात्र दांड्या फुल्ल.

दांड्यांवरून आठवलं, विसर्जनाच्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात उभं राहून बघा. दांड्या भरलेल्या, आणि वडापाववाल्याला यूपीआय जात नाही, चक्र फिरतंय फिरतंय. लोक म्हणतात फोन खोटं दाखवतो. खोटं नाही दाखवत, वेगळं काहीतरी दाखवतो. दांड्या मुख्यतः टॉवरचा ठरावीक ओळखसिग्नल किती जोरात येतोय यावर ठरतात, भागाकारातला N त्यात दिसत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर *#0011# डायल केलं की एक पडदा उघडतो, त्यात RSRP म्हणजे सिग्नलचा जोर आणि SINR किंवा SNR म्हणजे सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाण असे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही डेसिबलच्या मापात, म्हणून प्रमाणाच्या आकड्यात शून्य म्हणजे बरोबरी. गर्दीत RSRP उणे ७८ असू शकतो, म्हणजे झकास, आणि SINR शून्याच्या आसपास, म्हणजे सिग्नल आणि बाकीचा कलकलाट बरोबरीत. सूत्रात घाला, १० मेगाहर्ट्झवर छत १० मेगाबिट, आणि ते चौकातल्या सगळ्यांत मिळून. दोनशे जण एकदम वापरत असतील तर वाट्याला ५० किलोबिट.

शिवाय यूपीआयला तुमच्या फोनने टॉवरला ऐकू जाईल असं बोलायला लागतं ना? टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो, फोन ४जीवर बहुधा जास्तीत जास्त ०.२ वॅटने. टॉवरची पॉवर दहापट करा, तुमच्या फोनचा आवाज एक तसूभरही मोठा होत नाही. ही एक गोष्ट जरी ग्रुपवरच्या लोकांच्या लक्षात आली तरी अर्धी भांडणं मिटतील असं मला वाटतं, पण ती कोणी बोलतच नाही.

आता समोरच्यांचे जे मुद्दे खरंच वजनदार आहेत त्यांच्याकडे येतो. पहिला, की असली "छतं" नेहमीच फुटतात, मॉडेमचं काय झालं आठवा. बरोबर, आठवतं. डायल-अपच्या काळात टेलिफोनच्या तारेत बोलण्यासाठी जेमतेम तीन किलोहर्ट्झचा पट्टा आणि गोंगाटाच्या तीनेक हजार पट सिग्नल धरला तर शॅननचं छत ३५ किलोबिटच्या आसपास येतं, आणि मॉडेम ३३.६ वर येऊन अडकले. पुस्तकात लिहिलं गेलं की झालं, संपलं. आणि मग १९९८ मध्ये ५६ के मॉडेमचं स्टँडर्ड आलं! छत फुटलं का? नाही, वाट बदलली. त्या ३५ मधला मोठा गोंगाट एक्स्चेंजमध्ये आवाजाचे आकडे करताना होणाऱ्या गोळाबेरजेचा होता. इंटरनेटवाल्याची बाजू थेट डिजिटल जोडली की त्याच्याकडून तुमच्याकडे येताना ती गोळाबेरीज करायलाच लागत नाही, N कमी झाला. तुमच्याकडून तिकडे जाताना ती होतच होती, म्हणून त्या स्टँडर्डमध्ये अपलोड ३३.६ वरच राहिला. तसंच एकाच फोनला दोन-चार अँटेना लावून वेग वाढवतात तेही, भिंतींवर आपटून येणाऱ्या वेगवेगळ्या वाटा वेगळ्या वापरल्या इतकंच, प्रत्येक वाटेला स्वतःचं छत आहेच. तेव्हा "छत फुटेल" म्हणणाऱ्याला विचारायचं, B, S, N यातलं नक्की काय बदलणार आहेस, की नवी वाट आणणार आहेस?

दुसरा मुद्दा, पॉवर कधीच उपयोगी नाही का? आहे की. वेल्ह्याकडे, मुळशीच्या आतल्या वाड्यांवर, जिथे शेजारी टॉवरच नाही आणि सिग्नल गोंगाटाच्या खाली दबलेला असतो तिथे लॉग एवढा कंजूष नसतो. प्रमाण ०.१ असेल आणि ते ०.२ केलं तर छत जवळजवळ दुप्पट होतं. (गोंगाटाच्या खाली गेलेला सिग्नलही बिनचूक वाचता येतो, फक्त सावकाश. जीपीएसचा सिग्नल फोनपर्यंत येतो तो गोंगाटाच्या साधारण शंभराव्या भागाइतका, आणि त्यातून सेकंदाला ५० बिट व्यवस्थित येतात.) तिथे काकांचं म्हणणं बरोबर आहे, निदान टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या बाजूपुरतं. कर्वे रोडवर नाही.

तिसरा मुद्दा भीतीचा, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. जुन्या इमारतीच्या गच्चीवर न विचारता लोखंड चढवायचं, स्ट्रक्चरल ऑडिट नाही, भाडं कोणाच्या खिशात जातं माहीत नाही, आणि वरून "काही होत नाही हो" असं ऐकवायचं, लोक चिडणारच. पण रेडिएशनचा हिशोब तरी सरळ करा. शहरात अंतर निम्मं झालं की सिग्नल चौपट नाही, बऱ्याचदा दहा ते सोळा पट वाढतो, कारण मध्ये इमारती असतात. म्हणजे टॉवर जवळ आला की टॉवरलाही कमी ओरडायला लागतं आणि, महत्त्वाचं म्हणजे, तुमच्या कानाला लावलेल्या फोनलाही. फोन स्वतःची पॉवर सारखी कमीजास्त करत असतो, लांबच्या टॉवरशी बोलताना तो ०.२ वॅटच्या टोकाला जातो, आणि तो तर डोक्यापासून एका बोटावर आहे. टॉवर लांब ढकलून तुम्ही कोणाचं रेडिएशन कमी केलंत?

यावर हुशार माणूस म्हणेल की टॉवर वाढले की एकमेकांचा गोंगाटही वाढेल, तूच तर सांगितलंस. वाढतो, पण प्रत्येकाची पॉवर उतरवून आणि अँटेना खाली झुकवून लावल्या तर आपला टॉवर जितका जवळ आला तितकाच परकाही, भागाकार साधारण तोच राहतो. फरक पडतो तो वाटेकऱ्यांत. आधी एका टॉवरचे ४० मेगाबिट हजार घरांत वाटले जायचे, आता चार टॉवर प्रत्येकी तेवढेच ४० अडीचशे घरांना देतात. पट्टा वाढवायचा तरी हेच करायला लागतं. २०२२ च्या लिलावात दोन मोठ्या कंपन्यांनी ३.३ गिगाहर्ट्झच्या वर शंभर-शंभर मेगाहर्ट्झ घेतले, B एकदम दहापट, पण ती फ्रिक्वेन्सी आरसीसीच्या भिंतीतून आत यायला कुरकुरते, आणि तेवढीच पॉवर शंभर मेगाहर्ट्झवर पसरली की प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला दहावा हिस्सा. रुंद पट्टा हवा आणि टॉवर मात्र लांब हवा, हे दोन्ही एकदम मिळत नाही.

म्हणून पुढच्या एजीएमला "टॉवर हवा की नको" असं मतदान घेण्याआधी एक काम करा. तीन-चार फ्लॅटमध्ये, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-साडेनऊला, ते दोन आकडे आणि स्पीड लिहून काढा. RSRP उणे ११० च्या खाली असेल तर सिग्नलच पोचत नाहीये, जवळ काहीतरी लागणारच, मग ते गच्चीवर की खांबावर ते भांडा. RSRP चांगला आणि SINR पाचाच्या खाली असेल तर टॉवर कमी नाहीत, त्यांची मांडणी गचाळ आहे, कंपनीला अँटेनाचा कोन आणि पॉवर बघायला सांगा, बहुतेक वेळा पॉवर उतरवायलाच. आणि दोन्ही आकडे सकाळी-रात्री उत्तम असून फक्त रात्री स्पीड बसत असेल तर एक तर वाटेकरी जास्त झालेत, नाहीतर टॉवरपासून मागे जाणारी केबल अपुरी आहे, आणि हे दुसरं निघालं तर गच्चीवर कितीही सह्या गोळा केल्यात तरी प्रश्न रस्त्याखालच्या फायबरचा आणि महापालिकेच्या खोदाईच्या परवानगीचा आहे, तिथे जाऊन भांडायला लागेल.